तीन बाय तीन मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये आणि परिमेय मुळांची कसोटी

मॅट्रिक्सने एखाद्या सदिशाला गुणले की बहुतेक वेळा त्याची लांबीही बदलते आणि दिशाही. काही मोजके सदिश मात्र गुणाकारानंतरही आपल्या मूळ रेषेवरच राहतात. ते फक्त काही पट लांब किंवा आखूड होतात, आणि ती पट ऋण असेल तर उलट दिशेला वळतात. या पटीला आयगेन मूल्य म्हणतात आणि तिच्यासाठी λ हे ग्रीक अक्षर वापरण्याचा प्रघात आहे. मॅट्रिक्स A आणि सदिश v असेल, तर Av = λv हे समीकरण एवढेच सांगते. v शून्य नसावा, ही एकच अट.

λ शोधण्यासाठी हेच समीकरण (λI − A)v = ० असे लिहितात. येथे I म्हणजे मुख्य कर्णावर १ आणि इतरत्र ० असलेली एकक मॅट्रिक्स. शून्य नसलेल्या सदिशाला जी मॅट्रिक्स शून्यावर नेऊन ठेवते, तिचा निश्चयक शून्यच असतो. म्हणून λI − A या मॅट्रिक्सचा निश्चयक काढायचा आणि तो शून्य मानायचा. मॅट्रिक्स तीन बाय तीनची असेल, तर या निश्चयकात λ चा घन येतो. मिळणाऱ्या घन बहुपदीला A ची लाक्षणिक बहुपदी म्हणतात आणि तिची मुळे म्हणजेच A ची आयगेन मूल्ये.

घन बहुपदी कशी बांधतात

निश्चयक पदे विस्तारून काढता येतो, पण त्यात चिन्हांचे घोटाळे फार होतात. त्यापेक्षा सहगुणक थेट मॅट्रिक्सवरून वाचणे सोपे. लाक्षणिक बहुपदी नेहमी या रूपात असते:

P(λ) = λ³ − Tλ² + Mλ − D

T म्हणजे मुख्य कर्णावरील तीन संख्यांची बेरीज. D म्हणजे A चा निश्चयक. M मिळवण्यासाठी एका वेळी एकाच क्रमांकाची ओळ आणि स्तंभ झाकायचा, म्हणजे पहिली ओळ आणि पहिला स्तंभ, मग दुसरी ओळ आणि दुसरा स्तंभ, मग तिसरी. दर वेळी उरलेल्या दोन बाय दोनचा निश्चयक काढायचा आणि तिन्हींची बेरीज करायची.

पुढील मॅट्रिक्स घेऊ:

```
२  −३   ३
५   २  −५
५  −३   ०
```

कर्णावरील बेरीज २ + २ + ० = ४. पहिली ओळ व स्तंभ झाकल्यास २×० − (−५)(−३) = −१५ मिळतात. दुसरी झाकल्यास २×० − ३×५ = −१५ आणि तिसरी झाकल्यास २×२ − (−३)×५ = १९. तिन्हींची बेरीज −११. पूर्ण निश्चयक −३० येतो. म्हणून

P(λ) = λ³ − ४λ² − ११λ + ३०

आता हे घन समीकरण सोडवायचे आहे. त्यासाठी सूत्र आहे. जेरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञाने १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात ते छापले. पण हाताने सोडवणाऱ्याला ते क्वचितच सोयीचे पडते. तिन्ही मुळे वास्तव आणि वेगवेगळी असतील, तर हे सूत्र ऋण संख्येचे वर्गमूळ आणि त्यातून संमिश्र संख्यांची घनमुळे मागते. उत्तर २ किंवा ५ इतके साधे असले तरी ते घनमुळांच्या गुंत्यात लपून बसते. म्हणून आधी परिमेय मूळ आहे का, हे पाहण्याची पद्धत आहे.

कसोटी काय सांगते आणि का

सहगुणक पूर्णांक असलेल्या बहुपदीचे p/q हे परिमेय मूळ अतिसंक्षिप्त रूपात लिहिले, तर p हा स्थिर पदाचा विभाजक असतो आणि q हा सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाचा विभाजक असतो. परिमेय मुळांची कसोटी ती हीच. शेवटच्या पदाचे विभाजक एकेक करून तपासण्याची रीत रने देकार्तने १६३७ च्या ‘ला जेओमेत्री’ या ग्रंथातही दिली आहे.

लाक्षणिक बहुपदीत λ³ चा सहगुणक नेहमी १ असतो, त्यामुळे कसोटी आणखी सोपी होते. समजा, मॅट्रिक्समध्ये सगळे पूर्णांक आहेत आणि λ³ + aλ² + bλ + c या बहुपदीचे p/q हे मूळ आहे. ते समीकरणात ठेवून सगळ्याला q³ ने गुणले की p³ + ap²q + bpq² + cq³ = ० मिळते. पहिले पद सोडून बाकी प्रत्येक पदात q आहे, म्हणून q ने p³ ला भाग गेलाच पाहिजे. पण p आणि q यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणजे q = १. त्याचप्रमाणे शेवटचे पद सोडून बाकी प्रत्येक पदात p आहे, म्हणून p ने c ला भाग जातो.

याचा अर्थ असा की पूर्णांकी मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य एक तर पूर्णांक असते, नाही तर अपरिमेय किंवा संमिश्र. अशा मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य ३/२ कधीच येणार नाही. आणि ते पूर्णांक असेल, तर तो निश्चयकाचा विभाजक असलाच पाहिजे. c म्हणजे −D, त्यामुळे निश्चयक काढून झाला की उमेदवारांची यादी हातात आलेलीच असते.

सोळांतून चार

वरील उदाहरणात स्थिर पद ३० आहे. त्याचे विभाजक १, २, ३, ५, ६, १०, १५ आणि ३०. धन आणि ऋण मिळून सोळा उमेदवार होतात. सोळाही ठेवून पाहता येतील, पण दोन सोप्या चाळण्यांनी ही यादी झपाट्याने लहान होते.

पहिली चाळणी आकाराची. मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीतील संख्यांची चिन्हे सोडून बेरीज करायची. येथे त्या बेरजा ८, १२ आणि ८ येतात. कोणतेही आयगेन मूल्य, चिन्ह सोडून पाहिले तर, यांतील सर्वांत मोठ्या बेरजेहून मोठे असू शकत नाही. कारण सरळ आहे: v मधील सर्वांत मोठा घटक ज्या ओळीवर येतो, त्या ओळीच्या गुणाकारातून त्या घटकाच्या बारा पटींहून अधिक काही निघूच शकत नाही. म्हणून १५, −१५, ३० आणि −३० बाद झाले.

दुसरी चाळणी विभाज्यतेची. r हे पूर्णांकी मूळ असेल, तर P(λ) = (λ − r)Q(λ) असे अवयव पडतात आणि Q चे सहगुणकही पूर्णांक असतात. यात λ = १ ठेवले की r − १ ने P(१) ला भाग गेला पाहिजे, हे दिसते. P(१) = १ − ४ − ११ + ३० = १६. हा शून्य नाही, म्हणून १ बाद. उरलेल्या प्रत्येक उमेदवारातून १ वजा करून १६ ला भाग जातो का, हे पाहायचे. ६ मधून १ गेला की ५ उरतात आणि ५ ने १६ ला भाग जात नाही, म्हणून ६ बाद. याच न्यायाने १०, −२, −५, −६ आणि −१० हेही गळतात. उरतात २, ३, ५, −१ आणि −३. आता P(−१) = −१ − ४ + ११ + ३० = ३६, म्हणून −१ हेही मूळ नाही. P(−१) वापरूनही अशीच चाळणी लावता येते. तेथे r + १ ने ३६ ला भाग जायला हवा. २, ३, ५ आणि −३ हे चौघेही तीतून पार होतात.

सोळांपैकी चारच राहिले. २ ठेवून पाहिले तर P(२) = ८ − १६ − २२ + ३० = ०. पहिले मूळ मिळाले. आता शाळेत शिकवतात तो संश्लेषक भागाकार:

```
२ |  १   −४   −११    ३०
  |       २    −४   −३०
  -----------------------
     १   −२   −१५     ०
```

शेवटी बाकी ० आली, म्हणजे २ हे खरोखरच मूळ आहे. खालच्या ओळीतील उरलेल्या संख्या भागाकार देतात: λ² − २λ − १५. त्याचे अवयव (λ − ५)(λ + ३). म्हणून आयगेन मूल्ये २, ५ आणि −३.

पडताळणीसाठी दोन बेरजा पुरतात. तिन्ही मूल्यांची बेरीज कर्णावरील बेरजेइतकी हवी: २ + ५ − ३ = ४. गुणाकार निश्चयकाइतका हवा: २ × ५ × (−३) = −३०. दोन्ही जुळतात.

पहिले मूळ सापडल्यानंतर उरलेले उमेदवार मूळ घन बहुपदीत ठेवत बसू नये, हेही येथे दिसते. एक मूळ मिळाले की घन समीकरणाचे वर्गसमीकरण होते आणि त्याला सूत्र आहेच. शिवाय एखादे मूळ दोनदा येत असेल, तर यादीतून उमेदवार खोडत जाणाऱ्याच्या हातून ते निसटते. भागाकारानंतरचे वर्गसमीकरण ते आपोआप दाखवते.

एक स्प्रिंग काढली तर

आयगेन मूल्ये प्रत्यक्ष काय मोजतात आणि कसोटी कुठे थांबते, हे स्प्रिंगच्या एका उदाहरणातून नीट कळते. दोन भिंतींच्या मध्ये एका रांगेत तीन सारखी वजने आहेत आणि चार सारख्या स्प्रिंग त्यांना एकमेकांशी व भिंतींशी जोडतात. ही वजने आपल्या रेषेवर मागेपुढे हलू लागली, तर त्यांच्या कंपनांचे वर्णन पुढील मॅट्रिक्स करते:

```
 २  −१   ०
−१   २  −१
 ०  −१   २
```

स्प्रिंगचा ताठरपणा k आणि प्रत्येक वजनाचे वस्तुमान m असेल, तर कंपनाच्या कोनीय वारंवारतेचा वर्ग (k/m)λ इतका असतो. म्हणजे तीन आयगेन मूल्ये शोधणे हे त्या रांगेचे तीन नैसर्गिक सूर शोधण्यासारखे आहे.

कर्णावरील बेरीज ६, दोन बाय दोनच्या निश्चयकांची बेरीज ३ + ४ + ३ = १० आणि निश्चयक ४. बहुपदी λ³ − ६λ² + १०λ − ४. चिन्हे आलटून पालटून येत असल्याने ऋण संख्या ठेवली की चारही पदे ऋण होतात. म्हणून ऋण उमेदवार तपासायची गरजच नाही. राहिले १, २ आणि ४. P(१) = १, म्हणून १ नाही. P(२) = ८ − २४ + २० − ४ = ०. भागाकार λ² − ४λ + २ येतो आणि त्याची मुळे २ + √२ व २ − √२, म्हणजे सुमारे ३.४१४ आणि ०.५८६.

एक मूल्य परिमेय, दोन अपरिमेय. कसोटीने अपरिमेय मुळे शोधली नाहीत, पण एक पूर्णांक मूळ वेगळे काढून त्यांच्यापर्यंतची वाट मोकळी केली. λ = २ या कंपनात मधले वजन स्थिर राहते आणि दोन टोकांची वजने विरुद्ध दिशांना सारखीच हलतात.

आता उजव्या भिंतीला जोडलेली स्प्रिंग काढून टाकली, तर मॅट्रिक्समधील शेवटच्या २ च्या जागी १ येतो, बाकी काहीही बदलत नाही. बहुपदी मात्र λ³ − ५λ² + ६λ − १ होते. स्थिर पद −१, म्हणून उमेदवार फक्त १ आणि −१. P(१) = १ आणि P(−१) = −१३. दोन्ही बाद. या मॅट्रिक्सचे एकही आयगेन मूल्य परिमेय नाही.

येथे कसोटीने मूळ दिले नाही, पण निश्चित माहिती दिली. पुढे चिन्हबदल पाहावे लागतात. P(०) = −१, P(१) = १, P(२) = −१, P(३) = −१ आणि P(४) = ७. बहुपदीचे चिन्ह ० ते १, १ ते २ आणि ३ ते ४ या टप्प्यांत बदलते, म्हणजे प्रत्येक टप्प्यात एकेक मूळ आहे. टप्पा निम्मा निम्मा करत किंवा न्यूटनच्या रीतीने पुढे गेले की ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७ ही मूल्ये मिळतात. त्यांची बेरीज ५ येते.

ही मुळे सप्तकोनाशी जोडलेली आहेत. सर्वांत लहान मूळ म्हणजे २ − २cos(π/७), आणि इतर दोनही ३π/७ व ५π/७ या कोनांतून तशीच मिळतात. या घन समीकरणाला परिमेय मूळ नाही, याच कारणाने नियमित सप्तकोन केवळ कंपास आणि पट्टी वापरून काढता येत नाही. अशा रचनांच्या अशक्यतेची सिद्धता पिएर वान्त्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये प्रसिद्ध केली.

अपूर्णांक असतील तर

मॅट्रिक्समध्ये अपूर्णांक किंवा दशांश असतील, तर q = १ हा निष्कर्ष टिकत नाही. समजा, पहिल्या उदाहरणातील प्रत्येक संख्येला ४ ने भागले. मग लाक्षणिक बहुपदीतील छेद काढून टाकल्यावर ३२λ³ − ३२λ² − २२λ + १५ असे रूप मिळते. आता p हा १५ चा विभाजक आणि q हा ३२ चा विभाजक. उमेदवारांची संख्या सोळावरून अठ्ठेचाळीसवर जाते.

हा पसारा टाळता येतो. पूर्ण मॅट्रिक्सला एका संख्येने गुणले, तर आयगेन मूल्येही तितकीच पट होतात. म्हणून आधी सगळ्या छेदांच्या लसाविने मॅट्रिक्सला गुणून ती पूर्णांकी करायची, तिची आयगेन मूल्ये काढायची आणि शेवटी त्याच संख्येने भागायचे. येथे २, ५ आणि −३ यांना ४ ने भागून १/२, ५/४ आणि −३/४ मिळतात.

चूक कुठे होते आणि कशी कळते

या रीतीत सर्वाधिक घोटाळा स्थिर पदाच्या चिन्हात होतो. ते D नसून −D असते. पहिल्या उदाहरणात +३० ऐवजी −३० लिहिले गेले, तर उमेदवार तेच सोळा राहतात, पण त्यांतील एकही बसत नाही. त्या चुकीच्या बहुपदीला एकच वास्तव मूळ आहे आणि ते ६ व ७ यांच्या मध्ये कुठेतरी पडते. त्यामुळे सगळे उमेदवार फसले की दोन शक्यता उरतात: मूळ खरोखर अपरिमेय आहे किंवा बहुपदीच चुकली आहे.

यांतील कोणती खरी, हे ठरवण्यासाठी मूळ मॅट्रिक्सकडे परत जायचे. P(१) म्हणजे I − A चा निश्चयक. तो बहुपदी न वापरता थेट काढता येतो. वरील A साठी I − A च्या ओळी (−१, ३, −३), (−५, −१, ५) आणि (−५, ३, १) अशा आहेत आणि त्यांचा निश्चयक १६ येतो. बहुपदीतूनही १६ आले होते, म्हणजे बहुपदीवर भरवसा ठेवता येतो. −३० लिहिले असते, तर बहुपदीने −४४ दिले असते आणि चूक लगेच उघड झाली असती.

दुसरी अडचण निश्चयक शून्य असताना येते. शून्याला प्रत्येक संख्येने भाग जातो, त्यामुळे विभाजकांची यादी करू पाहणारा अडतो. पण तेव्हा λ = ० हेच एक आयगेन मूल्य असते. λ सामाईक काढला की वर्गसमीकरण उरते आणि कसोटीची गरजच पडत नाही.

तिसरी मर्यादा मोजमापांची आहे. प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यांत दशांशस्थळे असतात आणि शेवटच्या स्थळाची खात्री नसते. अशा मॅट्रिक्सच्या मुळांत नेमके परिमेय मूळ शोधण्यात अर्थ नसतो. संगणकावरील आयगेन मूल्यांचे नेहमीचे कार्यक्रमही लाक्षणिक बहुपदी बांधत नाहीत, कारण सहगुणकांतील अगदी बारीक चुकीनेही मुळे बरीच सरकू शकतात. ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलेल्या क्यूआर पद्धतीने थेट मॅट्रिक्सवरच काम करतात.

पूर्णांकी तीन बाय तीन मॅट्रिक्ससाठी मात्र ही कसोटी पूर्ण निकाल देते. घन बहुपदीचे परिमेय सहगुणकांत अवयव पडत असतील, तर त्यांतील एक अवयव रेषीय असलाच पाहिजे, आणि रेषीय अवयव म्हणजे परिमेय मूळ. चार बाय चारच्या मॅट्रिक्सला ही हमी मिळत नाही. λ⁴ − ५λ² + ६ चे (λ² − २)(λ² − ३) असे अवयव पडतात, तरी तिला एकही परिमेय मूळ नाही. तीन बाय तीनमध्ये निश्चयकाचा एक विभाजक बसला, तर उरलेली दोन आयगेन मूल्ये वर्गसमीकरणाच्या सूत्राने नेमकी मिळतात. एकही बसला नाही, तर तिन्हींपैकी कोणतेही परिमेय नाही आणि पुढचे काम संख्यात्मक रीतींचे आहे.